मदत हवी आहे: कथेतील दुकानदाराचा आडवा व्हिडिओ उभा करण्याबाबत

नमस्कार. मालवणच्या बाजारात कोकम, आगळ आणि खाजे विकणाऱ्या एका दुकानदारावर मी लघुकथा लिहीत आहे. पर्यटक येण्याआधी दुकानाची जाहिरात रीलसाठी उभी करावी, म्हणून तो रात्री दुकान बंद केल्यावर मोबाइलवर तिचे पुन्हा संपादन करत बसतो.

मूळ चित्रण आडवे, 1920 × 1080 चे आहे. त्यातून 9:16 ची उभी चौकट कापली, तर रुंदी जेमतेम 608 पिक्सेल उरते, म्हणजे दुकानाच्या लांब पाटीचा तिसरा हिस्सासुद्धा दिसत नाही. शिवाय तीच चौकट 1080 पर्यंत ताणल्यामुळे बरण्यांवरची अक्षरे पुसट होतात. पूर्ण आडवे चित्र मध्ये ठेवून वरखाली धूसर पार्श्वभूमी भरली, तर पाटी सबंध दिसते, पण खाजे अगदी बारीक होतात (आणि विकायचे तर तेच आहेत!). म्हणून पाटीच्या दृश्यात सुरुवातीला आणि शेवटी कीफ्रेम लावून तो चौकट डावीकडून उजवीकडे सरकवतो, असे मी लिहिले आहे.

मोबाइलवर संपादन करणाऱ्यांना विचारायचे आहे की, चित्रण करताना हात आधीच हललेला असेल, तर अशी सरकती चौकट अडखळल्यासारखी दिसते का? तसे असल्यास अनुभवी माणूस ते दृश्य स्थिर करून घेईल, की पाटीचे नवे उभे चित्रण करण्यासाठी सकाळपर्यंत थांबेल?