ठराविक ३०० की शिल्लकेचे ५ टक्के? सहा हजारांत खड्डा कशात मोठा पडतो

जालना_स्टँड: पुण्याचा सीझन सुरू झाला की पाच-सहा रविवार रेसकोर्सवर जातो, दिवसाला चार डाव. त्यासाठी सहा हजार वेगळे काढलेत, घरखर्चाशी त्यांचा संबंध नाही. आतापर्यंत प्रत्येक डावाला ३०० लावायलोय. दुकानातला दोस्त म्हणतो, ठराविक रक्कम नको, जेवढे उरलेत त्याचे ५ टक्के लाव. माझा बुकी १०० च्या खाली घेत नाही. ओळीनं हरायला लागलो तर कोणत्या पद्धतीत कमी बुडतो?

खातेवही (परभणी): ओळीनं हरण्यापुरतं विचारतोस तर टक्केवारी. दोन्हींचा पहिला डाव ३०० चाच आहे, फरक पुढं पडतो. दहा डाव ओळीनं गेले तर ठराविकवाल्याकडं ३,००० उरतात, टक्केवाल्याकडं ३,५९२. हा फरक तुला किरकोळ वाटेल, पण अकराव्या डावाला दोघं कुठं उभे आहेत ते बघ. ठराविकवाला अजून ३०० लावतोय, म्हणजे उरलेल्याचे १० टक्के. त्याचा धोका त्याला न विचारता दुप्पट झाला. टक्केवाल्याचा डाव १८० वर आलाय. आणखी दहा गेले तर ठराविकवाला शून्यावर, टक्केवाल्याकडं अजून २,१५१.

आणि दहा ओळीनं जाणं ही काही साडेसाती नव्हे. तू तीनास-एक भावाचे, चारात एकदा लागतील असे घोडे घेत असशील, तर सीझनच्या चोवीस डावांत दहा हारांची ओळ यायची शक्यता साधारण चारात एक आहे. इव्हनच्या फेव्हरिटवर ती खूपच कमी. म्हणून आधी सांग, घेतोस कोणते?

पक्का_तीनशे (बीड): खातेवही भाऊंचा हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच मांडलाय. हरण्यापासूनच का सुरुवात करायची? इव्हनच्या भावात आधी दहा जिंकलो आणि मग दहा हरलो असं धरा. माझे ६,००० चे ९,००० झाले आणि परत ६,००० वर आलो. वरून खाली घसरण ३,०००, म्हणजे तेहतीस टक्के. टक्केवाल्याचे ९,७७३ झाले, कारण जिंकताना त्याचा डाव फुगत गेला. मग दहा हारांत तो ५,८५२ वर. घसरण ३,९२१, चाळीस टक्के. आता सांगा, खड्डा कुणाचा मोठा?

वर आणखी गंमत ही की दहा जीत दहा हार, दोघांचं सारखंच, तरी मी जागेवर आहे आणि तो १४८ नं खाली. क्रम उलटा केला तरी त्याचे तेवढेच जातात. ५ टक्के वाढ आणि ५ टक्के घट एकमेकांना फिटत नाहीत. शंभराचे एकशे पाच होतात, एकशे पाचाचे पाच टक्के सव्वापाच होतात. तेवढी खोट प्रत्येक जोडीला.

मी बारा वर्षं ठराविकच खेळतोय. गणित डोक्यात राहतं, जिंकल्यावर अंगात येत नाही.

मांजराकाठ (लातूर): एवढा खल कशाला? हरलं की पुढचा डाव दुप्पट. एकदा लागला की मागचं सगळं वसूल. माझा मावसभाऊ मोबाईलवर असंच खेळायचा, चार महिने रोज कमावत होता.

खातेवही: शंभरापासून दुप्पट कर आणि सहा हजारांत बसव. १००, २००, ४००, ८००, १,६००. पाच हारांत ३,१०० गेले. सहावा डाव ३,२०० चा, हातात २,९००. म्हणजे सहावा डाव लावताच येत नाही. पाच महिन्यांनी मावसभावाचं काय झालं?

मांजराकाठ: पाचव्या महिन्यात सोयाबीनचे पैसे गेले. पण ते ॲपनं फसवलं म्हणून. आता तर २०२५ च्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळच बंद केले. पद्धतीत चूक नव्हती.

गोदाकाठची_कारकून (नांदेड): मी रेस खेळत नाही. नवरा खेळतो आणि त्याची वही मी जुळवते, म्हणून बोलते. वर सगळ्यांनी ३०० हरले की ३०० गेले असं धरलंय. आमच्या वहीत तसं कधीच आलं नाही. बुकी तिकिटावर जीएसटी वेगळा घेतो. तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. तीनशेचं तिकीट म्हणजे खिशातून ४२०. घोडा लागला तर हिशोब तीनशेवरच मिळतो, वरचे १२० परत येत नाहीत.

आता बीडच्या भाऊंचं दहा जीत दहा हार घ्या. इव्हनला एका जीतीत हातात ६०० येतात, गेलेले ४२०, म्हणजे फायदा १८० चा. दहा जिंकून १,८०० आले आणि दहा हरून ४,२०० गेले. तुम्ही जागेवर नाही, २,४०० नं खाली आहात. इव्हनच्या भावात नुसतं फिटायलाच दहात सात जिंकायला लागतात. आणि ज्याला तुम्ही ५ टक्के म्हणताय ते मुळात ७ टक्के आहेत. वीस हारांत नाही, चौदा हारांतच पैसे संपतात. पंधराव्या वेळी १२० रुपये उरतात, त्यात शंभराचं तिकीटसुद्धा येत नाही.

पक्का_तीनशे: ताई, कर सगळ्यांनाच सारखा आहे. मग पद्धतीची तुलना तिथंच राहते ना?

खातेवही: नाही राहत, आणि इथं चूक माझी आहे, मी कर धरायला हवा होता. भाव आपल्या बाजूनं असता तर जिंकल्यावर डाव वाढवायला अर्थ होता. जिथं शंभरामागं चाळीस आधीच जातात तिथं दोन्ही पद्धती खालीच नेतात, फक्त वेग वेगळा. टक्केवारी सावकाश नेते, कारण पैसे घटले की डावही घटतो. त्यापलीकडं तिच्यात जादू नाही.

पण जालनेकरांच्या बाबतीत टक्केवारीचा तो एकुलता गुणही अर्ध्या वाटेत संपतो, आणि कारण त्यांनी स्वतःच लिहिलंय. बुकी १०० च्या खाली घेत नाही. कर धरून तो १४० चा डाव झाला. १४० हे ज्या रकमेचे ५ टक्के होतात ती रक्कम २,८००. शिल्लक त्याच्या खाली गेली की तू म्हणशील मी टक्क्यानं खेळतोय, पण खिडकीवर प्रत्येक वेळी १४०च जाणार. २,००० वर तो ७ टक्के, १,४०० वर १० टक्के. म्हणजे टक्केवारीची ढाल बरोबर तिथंच गळते जिथं तिची गरज होती. २,८०० च्या खाली तू पक्का_तीनशे भाऊंचाच चेला, फक्त नाव वेगळं. लाखभर घेऊन खेळणाऱ्याला ही फरशी कधी लागत नाही, म्हणून तो टक्केवारीचं गुणगान करतो. सहा हजारवाल्याच्या ती पायाखालीच आहे.

पक्का_तीनशे: बघा, फिरून माझ्याकडंच आलात.

खातेवही: आलो, पण ३०० वर नाही. तुमचे तीनशे कर धरून ७ टक्के आहेत आणि हरत गेलात की १४ होतात. शिवाय तुम्ही जिंकून वर गेलात तर तुमची टक्केवारी आपोआप कमी होते, हे तुमच्या बाजूचं खरं बलस्थान. ९,००० वर तीनशेचं तिकीट आधीइतकं जड राहत नाही. ठराविक पद्धत जिंकणाऱ्याला सौम्य आणि हरणाऱ्याला कडक. आता आपल्यात जिंकणारे किती, ते नांदेडच्या वहीला विचारा.

गोदाकाठची_कारकून: वहीचं उत्तर इथं देत नाही, घरात भांडण होईल. एवढं सांगते, दर डावानंतर नवे ५ टक्के काढणं त्याला कधी जमलं नाही. दोन रेसांच्या मध्ये पॅडॉकला घोडा बघायचा, भाव फिरतोय तो बघायचा, खिडकीवर धक्के खायचे. त्यात १८३ रुपये काढत कोण बसतं? तो अंदाजानं १५० किंवा २०० म्हणायचा. जिंकलेलं असलं की २००, हरल्यावर मात्र १५० कधीच नाही, तेव्हाही २००. पुढं आम्ही सकाळी बसमध्ये बसायच्या आधी शिल्लक मोजून दिवसाचा एकच आकडा ठरवायला लागलो, तो संध्याकाळपर्यंत बदलायचा नाही.

पक्का_तीनशे: म्हणजे दिवसभर ठराविक, दिवसागणिक टक्का. हे मला चालेल. मात्र वाढवायच्या बाजूनं मी आकडा बदलणार नाही, फक्त कमी करायच्या बाजूनं.

खातेवही: तसं केलंत तर एकदा खाली आलेला डाव तिथंच अडकतो आणि खड्ड्यातून वर यायला जास्त वेळ लागतो. मला नाही पटत.

पक्का_तीनशे: चाळीस टक्के कर असताना वर यायचंय कुणाला? मला उशिरा संपायचंय.

जालना_स्टँड: सगळं दोनदा वाचलं. मी घोडे बहुतेक तीनास-एक, चारास-एकचेच घेतो, म्हणजे ती चारात एकवाली दहा हारांची ओळ माझीच. आज सहा हजारांचे ५ टक्के ३००, म्हणजे कर धरून तिकीट दोनशेचंच, २८० जाणार. चार डाव धरले तर वाईटात वाईट रविवार ११२० चा. डायरीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं २,८०० लिहिलंय, त्याच्या खाली आलो की सीझन संपला. पहिला रविवार कोरा गेला तर हातात ४,८८० उरतात. त्याचे ५ टक्के २४४, तिकीट शंभराचंच, दिवसाला ५६०. पुढचे तीन रविवारही कोरे गेले तरी ३,२०० राहतात, रेषा पाचव्यात येते.

एकच राहिलं. जालना-पुणे येण्याजाण्याचं एसटीचं भाडं या सहा हजारांत धरायचं का बाहेर? दर वेळी ते जातंच, घोडा लागो न लागो.

पक्का_तीनशे: बाहेर. ते फिरायला जाण्याचं भाडं.

गोदाकाठची_कारकून: आत. नाहीतर आमच्यासारखं वहीत सहा हजार आणि घरातून दहा गेलेले, असं होईल.

मांजराकाठ: रेल्वेनं जा ना, स्वस्त पडतंय.