२० वॉटचं यूएसबी सॉकेट, पण फोन चार्ज होतो गोगलगायीच्या चालीनं. मदत हवी आहे

अर्धा_टक्का :
पलंगाशेजारचा जुना सॉकेट काढून यूएसबीवाला बसवून घेतला. एक सी पोर्ट, एक ए पोर्ट. खोक्यावर ठळक २० वॉट लिहिलंय. फोनसोबतची ब्रिकही २० वॉटचीच, तिच्यावर फोन झपाट्यानं भरतो. भिंतीत लावला की जवळजवळ दुप्पट वेळ. केबल तीच, सी टू सी. सॉकेट बोगस निघालं का? बदलून घ्यायचं असेल तर लवकर सांगा.

रेवा_प :
"फास्ट चार्जिंग" अशी अक्षरं फोनवर येतात का? आणि दुसऱ्या पोर्टला काय आहे?

गच्चीवरचा :
भिंतीतली सॉकेटं अशीच असतात. बंद पेटीत हवा खेळत नाही, आतलं सर्किट तापतं आणि स्वतःच वॉट कमी करतं. काढून टाका आणि ब्रिक वापरा. आमच्याकडे तर ती प्लेट हाताला कोमट लागते.

अर्धा_टक्का :
अक्षरं कधी येतात, कधी नाही. दुसऱ्या पोर्टला घड्याळाचं चार्जर कायम लावलेलं असतं, पण ते कितीसं खाणार?

जुना_वायरमन :
सापडलं. घड्याळ किती खातं हा प्रश्नच नाही. अशा बऱ्याच सॉकेटांत दोन्ही पोर्टांना मिळून एकच कन्व्हर्टर असतो, आणि तो एका वेळी एकच व्होल्टेज देऊ शकतो. सी पोर्टवर एकटा फोन असेल तर फोन ९ व्होल्ट मागतो, सॉकेट देतं. ९ व्होल्ट गुणिले २.२२ अँपिअर, झाले तुमचे २० वॉट. पण ए पोर्टवरचं घड्याळ ९ व्होल्ट मागत नाही, त्याला ५ व्होल्टच लागतात. मग कन्व्हर्टर ५ वर उतरतो आणि फोनलाही ५ व्होल्टवरच भागवावं लागतं.
सॉकेटच्या मागच्या बाजूला किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत बघा. "सी + ए : ५ व्होल्ट, ३ अँपिअर" असं काही असेल तर ते दोघांत मिळून १५ वॉट. खोक्यावरचे २० हे फक्त एकट्या सी पोर्टचे.

अर्धा_टक्का :
पत्रक सापडलं. अगदी तसंच लिहिलंय, शेवटच्या ओळीत! घड्याळाची केबल उपसली आणि दोन सेकंदांत फोनवर फास्ट चार्जिंग आलं. परत लावली, फोन एकदा "टिंग" करून सुटला आणि पुन्हा जोडला गेला, पण सावकाश.

जुना_वायरमन :
ते "टिंग" म्हणजे नव्यानं वाटाघाटी. दुसरं उपकरण आलं की सॉकेट पहिल्याला क्षणभर सोडतं आणि पुन्हा ठरवतं. गच्चीवरच्यांची उष्णतेची गोष्ट खोटी नाही, पण तिची खूण वेगळी. तापल्यामुळे वेग कमी होतो तो हळूहळू, चांगला जोर लावून बराच वेळ चार्ज झाल्यावर. इथे केबल लावल्याक्षणी फरक पडतोय.

गच्चीवरचा :
म्हणजे शेवटी भिंतीतलं सॉकेट वाईटच ना?

रेवा_प :
दोन पोर्टांच्या कित्येक स्वस्त ब्रिकाही हेच करतात. प्रत्येक पोर्टला वेगळा कन्व्हर्टर असलेली ब्रिक मिळते तशी सॉकेटंही मिळतात. फरक एवढाच की ब्रिक जुनी झाली तर खिशात घालून दुसरी आणता येते, सॉकेट बदलायला मेन स्विच बंद करून पेटी उघडावी लागते. उद्या फोनला ४५ वॉट लागले तर भिंतीतलं २० वॉटचं २० वरच राहणार.

सुलूमावशी :
रात्रभर फोन लावून ठेवू नये, बॅटरीचं आयुष्य कमी होतं. मी तर ८० टक्क्यांवर काढते.

अर्धा_टक्का :
मावशी, विषय तो नाही हो :)

जुना_वायरमन :
सॉकेट बदलू नका. घड्याळ शेजारच्या साध्या तीन पिनी भागात एखाद्या जुन्या छोट्या ब्रिकवर लावा, सी पोर्ट फोनला मोकळा ठेवा. आणि एक : घरात कधी वायरिंगचं इन्सुलेशन मेगरनं तपासलं तर आधी ही सॉकेटं सर्किटातून सोडवायला सांगा. ५०० व्होल्टच्या त्या चाचणीत आतलं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं, नाहीतर चांगल्या वायरिंगचंही रीडिंग खराब दिसतं.

अर्धा_टक्का :
पण ब्रिक लागू नये म्हणूनच तर हे बसवलं होतं! तीन पिनी भागात दिवा आहे.

रेवा_प :
मग दोन स्वतंत्र कन्व्हर्टरवालं बघा. पत्रकात "सी + ए" समोर सीचा आकडा वेगळा दिलेला आणि तो ९ व्होल्टचा असेल तरच घ्या. पण त्याला मागे जागा जास्त लागू शकते, पेटीची खोली आधी मोजा.

भिरभिरं :
धागा वाचला. यावर लॅपटॉप चालेल का?