अनुभव धागा: रिलीजच्या आदल्या रात्री मर्जला ‘नको’ कसं कळवलंत?

उद्या सकाळी रिलीज, ब्रांच गोठवलेली, आणि रात्री कुणीतरी म्हणतं, "एवढं एक मर्ज करून टाक ना." तेव्हा तुम्ही नेमकं काय लिहिलंत? शक्य असेल तर तो मेसेजच द्या. सुरुवात माझ्यापासून.

रात्री पावणेदहाला एका सहकाऱ्याची विनंती आली. सवलतीची बेरीज चुकत होती, ती त्याने दुरुस्त केली होती. पण त्याच ब्रांचमध्ये `discount` या कॉलमचं नाव बदलून `discount_amount` केलं होतं. मी लिहिलं:

"तुझा बदल वाचला, बेरीज आता बरोबर येतेय. तरी पूर्ण ब्रांच आज घेत नाही, कारण फक्त कॉलमचं नाव. सकाळी सर्व्हर एकेक करून बदलतील. तेवढ्या वेळात जुने सर्व्हर जुनंच नाव शोधतील आणि ऑर्डर अडतील. मागे फिरायची वेळ आली तर जुना कोडही चालणार नाही. त्याऐवजी असं करू: बेरजेचा कमिट वेगळा आहे, तेवढा आजच घेऊ. मी ११ पर्यंत रिव्ह्यू करते. कॉलमचं काम पुढच्या रिलीजला, मायग्रेशन मी लिहिते. कॉलमसाठी उद्याच कुणी अडून असेल तर आत्ता फोन कर."

फोन आला नाही, "चालेल" आलं. क्लायंटला बेरीज हवी होती, कॉलमच्या नावाची कुणी वाटच पाहत नव्हतं. मग:

```
git cherry-pick -x 4f2c9e1
```

एका ओळीवर कॉन्फ्लिक्ट आला, कारण तो कमिट नाव बदलल्यानंतरचा होता. ती ओळ हाताने जुन्या नावावर आणली, टेस्ट पुन्हा चालवल्या. सव्वाअकरा झाले.

पडदा_बंद: मी असतो तर फीचर फ्लॅगमागे टाकून मर्ज केलं असतं. फ्लॅग बंद म्हणजे धोका शून्य. नकार द्यायची वेळच येत नाही.

जुना_डीबीवाला: वेगळा कोड-मार्ग असेल तर फ्लॅग उत्तम, पण इथे उपयोग नाही. मायग्रेशन फ्लॅग विचारून चालत नाही, डिप्लॉय होताच कॉलमचं नाव बदलतं. लायब्ररीची आवृत्ती वाढवली असेल तर तीही फ्लॅग बंद असताना लोड होते. कॉलम बदलायचाच तर आधी नवा कॉलम जोडायचा आणि कोडने दोन्हीकडे लिहायचं. मग जुन्या ओळी भरून घ्यायच्या, वाचन नव्यावर न्यायचं, आणि जुना कॉलम अगदी शेवटी, पुढच्या एखाद्या रिलीजला काढायचा. म्हणून ‘पुढच्या रिलीजला’ हे वचनही मी जपून दिलं असतं. हे एका रिलीजमध्ये संपत नाही.

धागाकर्ती: खरंय, दोन रिलीज लागले. ते मेसेजमध्येच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या_बाजूने: मी नकार मिळालेली आहे. मला उत्तर आलं होतं, "फ्रीझ आहे, शक्य नाही." एवढंच. चार दिवसांचं काम होतं, अडचण कोडमध्ये की माझ्यात तेच कळेना. वरच्या मेसेजमधलं "वाचला" आणि "मी लिहिते" हे दोन शब्द मला मिळाले असते तर मी वरिष्ठांकडे गेलेच नसते.

रिव्हर्ट_प्रेमी: कॉन्फ्लिक्टचा एवढा बाऊ कशाला? `git mergetool` वापरा, पाच मिनिटांचं काम आहे.

जुना_डीबीवाला: प्रश्न कॉन्फ्लिक्टचा नाही, मर्ज घ्यावं की नाही याचा आहे.

रिव्हर्ट_प्रेमी: मग घ्या, बिघडलं तर रिव्हर्ट करा.

पहाटेचा_पहारा: हेच मी एकदा ऐकलं आणि ‘हो’ म्हटलं. पहाटे बिघडलं, `git revert -m 1` केलं, आणि कोड मागे आला. पण मधल्या वेळात नव्या रचनेत लिहिलेल्या नोंदी तशाच राहिल्या, दुपारपर्यंत दोघांनी बसून त्या हाताने सुधारल्या. पुढच्या आठवड्यात तीच ब्रांच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली, तर फक्त नवे कमिट आले आणि जुने बदल गायब. गिटच्या लेखी ते आधीच मर्ज झालेले होते. रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो हे तेव्हा कळलं. तेव्हापासून नकारात एक वाक्य घालतो: "हे मागे घ्यायचं झालं तर काय काय करावं लागेल ते दोघं मिळून लिहू. ती यादी तीन ओळींत संपली तर मी मर्ज करतो."

नवीनच_लीड: माझं अडतं ते सुरक्षेच्या दुरुस्तीपाशी. बदल लहान, पण लॉगिनच्या कोडमध्ये. न घेणं धोक्याचं, घेणंही धोक्याचं. मी रिलीजच एक दिवस पुढे ढकलायचा पर्याय दिला, तो प्रॉडक्टवाल्यांनी नाकारला आणि बदल आत गेला. काही बिघडलं नाही, पण निर्णय बरोबर होता असं अजूनही म्हणवत नाही.

धागाकर्ती: तो मेसेज इथे देता का? पर्याय कसा मांडलात ते वाचायचंय.