मास्टर विकलं की सगळंच गेलं?

नवा गीतकार: आमच्या गाण्याचे ॲपवर प्ले लाखांत आहेत. गीतकार आम्ही दोघे, संगीतकार एक. लेबल म्हणतं, मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, आमचं, विषय संपला. मग लिहायचं कशाला?

जुना खेळाडू: ‘विषय संपला’ ऐकलं की डोकं फिरतं. ॲप रेकॉर्डिंगचे पैसे लेबलला देतं, त्यावर तुमचा हक्क करारात असेल तेवढाच. शब्द आणि चालीचे पैसे वेगळे, ते आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीमार्फत येतात. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तुमचा वाटा वारसांना किंवा सोसायटीलाच देता येतो. लेबलने करारात लिहून घेतला तरी ते टिकत नाही. समजा त्या बाजूने 1000 रुपये आले. 500 पब्लिशर म्हणून लेबलचे, 250 संगीतकाराचे, 250 शब्दांचे. तुम्ही दोघे, म्हणजे 125-125. दोघेही सभासद आहात का? गाणं नोंदवलंय का?

कोथरूडकर: कायदा कागदावर छान दिसतो हो! सही कर, नाहीतर बाहेर दहा जण उभे आहेत, असं ऐकवलं की कलम कोण काढतो? मी सही केली. आजवर छदाम नाही.

जुना खेळाडू: सही केलीत, पण नोंद केलीत का?

कोथरूडकर: नाही. तेव्हा सांगितलं कोणी?

मुखडेवाला: 125-125 कशाला? लोक मुखडाच गुणगुणतात. तो लिहिणाऱ्याला जास्त मिळायला हवं.

जुना खेळाडू: तसं ठरवा की, कोण अडवतंय? फक्त रिलीजआधी सगळ्यांच्या सहीने टक्केवारी लिहून ठेवा. एकाने 60 नोंदवले, दुसऱ्याने 50, की बेरीज शंभरावर जाते आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकून पडतात.

प्रोग्रामर: आणि आम्हा म्युझिक प्रोग्रामरचं काय? ज्या आठ सुरांवर रील्स बनतात ते मी रात्री दोनला वाजवले. मला एकरकमी मानधन, नाव ‘अरेंजर’. चाल म्हणे संगीतकाराची!

कोथरूडकर: बेस वाजवणाराही उद्या हेच म्हणेल.

प्रोग्रामर: बेसवाल्याने ते सूर रचलेत का? वाचून तरी बोला.

जुना खेळाडू: ते आठ सूर खरंच तुमची रचना असतील तर संगीताच्या 250 मध्ये तुमचा दावा बसतो. शब्दांच्या पैशांना हात लागत नाही. मात्र संगीतकाराने मान्य करायला हवं, नाहीतर रचना तुमची हे सिद्ध करत बसा. प्रोजेक्ट फाइल जपून ठेवा.

प्रोग्रामर: मान्य केलं तर पुढचं काम देईल का तो?

मुखडेवाला: म्हणजे भांडणार आम्हीच आपसात, आणि लेबल 500 घेऊन निवांत. वा, फारच न्याय्य.

जुना खेळाडू: 500 चं तुमचं म्हणणं पटतं, झालं समाधान? पण तुमचे 125 मागायला लेबलची परवानगी लागत नाही.

नवा गीतकार: जोडीदाराला फोन केला. तो म्हणतो 70-30. सत्तर त्याचे.