हयातीच्या दाखल्यात कुणी हात दिला? बँकेतल्या, पोस्टातल्या माणसांचे अनुभव सांगा

विडीघरकुल

आमच्या अम्माचं वय ७४. पंचेचाळीस वर्षं विड्या वळल्या. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन महिन्याला हजार आणि वर थोडे, पण ते तिचे स्वतःचे पैसे, म्हणून दर महिन्याला पासबुक भरून आणायचं असतं. फेब्रुवारीत जमा नाही, मार्चमध्येही नाही. मी म्हणालो, उशीर झाला असेल. ती म्हणाली, "मी मेले असं लिहिलंय का बघ त्यांनी."

जवळपास तसंच झालं होतं. जानेवारीत चौकातल्या एका सेंटरवर दाखला काढला होता. पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड नखाने दुमडायचं, यात बोटांच्या रेषा राहतात कुठे? अंगठे दोन्ही नापास. शेवटी डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका चालली, प्रमाण आयडीचा मेसेज आला, आम्ही निवांत.

एप्रिलमध्ये बँकेत गेलो. पेन्शनच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "आयडी आलाय, पण दाखला स्वीकारला गेलाय का ते बघितलंत का?" ही दोन वेगळी कामं असतात हेच माहीत नव्हतं. त्यांनी बघितलं, तर नामंजूर. सेंटरवाल्याने पीपीओ नंबरात एक आकडा उलटा टाकलेला. आमच्याकडचा कागद लॅमिनेशनमध्ये असा दुमडलाय की नेमके मधले आकडे गेलेत. मॅडमनी भविष्य निधीच्या वेबसाइटवर अम्माचा खाते क्रमांक टाकून पीपीओ नंबर शोधला, कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि अम्माकडून वाचून घेतला. मागे रांग होती. एकजण कुरकुरायला लागला तर म्हणाल्या, "थांबा की काका, तुमची पण आई आहे."

त्यांच्या मशिनवर त्या दिवशी एकही बोट लागलं नाही. मग त्यांनीच सांगितलं, पोस्टमन घरी येऊन चेहऱ्यावरून करतात. आले ते कुंभारीला, घरकुलात. पहिल्या दोन वेळा जमलं नाही, कारण अम्मा दाराकडे पाठ करून बसलेली, तोंड सगळं काळं दिसायचं. त्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तेलुगूत सांगितलं की डोळे मिट आणि उघड. झालं. सत्तर रुपये फी, पावती मिळाली. अम्माने शेंगा चटणीची पुडी पुढे केली, ती मात्र घेतली नाही त्यांनी.

मे महिन्यात थकबाकीसकट जमा झाले. मग बँकेत जाऊन तक्रार-सूचना वही मागितली. आधीची पानं नुसती तक्रारींची. मी लिहिलं: "पेन्शन टेबलावरच्या मॅडमनी माझ्या आईला नंबर वाचायला लावला, म्हणून आज तिला तो पाठ आहे. आभार." शिपायाने वाचून माझ्याकडे दोनदा बघितलं.

तुमच्याकडे कोण भेटलं, काय अडलं, ते सांगा.

निवृत्त_गुरुजी

छान अनुभव. पण मुळात चूक तुमची आहे. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, जानेवारीत नव्हे. कोषागाराकडून बँकेत यादी येते, १ ते ३० नोव्हेंबरदरम्यान आपल्या नावापुढे सही करायची, दोन मिनिटांचं काम. मी अकरा वर्षं करतोय. ते बोट, चेहरा वगैरे लोकांना उगाच पळवायला काढलंय. आमच्या शाखेतला मुलगा मात्र गुणी. यादीत माझं नाव नव्हतं तर त्याने कोषागारात फोन करून विचारलं, मला हेलपाटा पडू दिला नाही.

काउंटरपलीकडे

गुरुजी, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे. यादी राज्य सरकारच्या पेन्शनरांची. यांच्या आईची पेन्शन भविष्य निधीची, तिथे नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला ज्या दिवशी दिला तिथून वर्षभर चालतो. मागच्या वर्षी जानेवारीत दिला असेल तर पुढचा जानेवारीत. केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबर, आणि ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

मी पोस्टात होतो, आता निवृत्त. मॅडमनी जे सांगितलं तेच खरं मर्म आहे. आयडी मिळाला म्हणजे आधारशी माणूस जुळला, एवढंच. त्यानंतर दाखला पेन्शन देणाऱ्याकडे जातो, आणि तिथे पीपीओ नंबर, खाते क्रमांक, पेन्शन कुठली, हे जुळावं लागतं. विधवा बाई असेल आणि फॉर्मात फॅमिली पेन्शनऐवजी नेहमीची पेन्शन निवडली, तरी परत येतो. लोक आयडीचा मेसेज दाखवून भांडतात, आणि काउंटरवरचा माणूस ते समजावून सांगत नसेल तर तेही भांडण रास्तच. म्हणून आठवडाभराने jeevanpramaan.gov.in वर जाऊन एकदा बघावं, आणि आलेले मेसेज पुसू नयेत.

बोटांचं म्हणाल तर हात धुऊन, पुसून, मग थोडं तेल किंवा क्रीम लावून कोरडं करून बघायचं. दहाही बोटं. पण पूर्व भागातल्या बायकांची बोटं पाहिल्यावर मी चेहऱ्याचंच आधी करायचो. ते २०२१ पासून आलं, त्याआधी फार हाल होते. फोनमध्ये `AadhaarFaceRD` हवं, आणि उजेड समोरून.

होटगीरोड

आमचं जरा वेगळं. वडिलांना अर्धांगवायू, उजवा हात गेला. पैसे काढायला सही जुळत नाही म्हणून एका शाखेतून तीनदा परत पाठवलं. "माणूस समोर बसलाय ना?" विचारलं तर "सिस्टीम घेत नाही" हे उत्तर. मग दुसऱ्या शाखेतले साहेब स्वतः पार्किंगमध्ये आले, गाडीत वडिलांचा डावा अंगठा घेतला. साक्षीदार दोन, एक मी नको म्हणाले, घरचा नको. शेजारच्या दुकानदाराला बोलावलं आणि दुसरी सही साहेबांनी स्वतः केली. नियमातच आहे म्हणे, एक साक्षीदार बँकेचा. तेव्हापासून तो फॉर्म आमच्याकडे फाइलला आहे. याला हयातीचा दाखला म्हणायचं का, मला माहीत नाही. पण आभार मानायचे होते.

विडीघरकुल

@होटगीरोड हे दाखल्याचं नाही, पैसे काढायचं आहे. पण चालतंय. अम्माचा पण अंगठाच असतो, दुकानदाराचं लक्षात ठेवतो.

@काउंटरपलीकडे तेल लावायचं खरंच? सेंटरवाला म्हणाला तेल पुसून या.

काउंटरपलीकडे

लावून पुसायचं. मशिनची काच तेलकट झाली तर पुढच्याचंही लागत नाही. कातडं भेगाळलेलं असेल तर थोडी ओल लागते, बस्स. त्यानेही नाही लागलं तर आग्रह धरू नका.

सातरस्ता

माझी मावशी अडकलीय, म्हणून विचारते. आधारवरचा फोटो जुना, बारा वर्षांपूर्वीचा, तेव्हा केस लांब, अंगावर मांस होतं. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जाड चष्मा लागला आणि दात काढलेत. चेहरा जुळत नाही. पोस्टमन दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा फीही घेतली नाही, "जुळलं तरच घेतो" म्हणाले. त्या माणसाला खरंच नमस्कार. आधार केंद्रावर नवीन फोटो काढायला सांगितलंय. त्याआधी चष्मा काढून करून बघावं का, का फोटोच बदलायला हवा?

निवृत्त_गुरुजी

बँकेत नेऊन समोर बसवा. माणूस जिवंत आहे हे डोळ्यांनी दिसतं.

काउंटरपलीकडे

चष्मा काढून आधी बघा, पैसे लागत नाहीत. नाही जमलं तर फोटो आणि बोटं दोन्ही एकदमच बदलून घ्या, म्हणजे दोनदा जायला नको. आणि गुरुजी म्हणतात ते अगदीच वाईट नाही. कागदी दाखला स्वीकारतात का, ते तिच्या पेन्शन देणाऱ्याला विचारा. कुठली पेन्शन आहे ते लिहिलं नाहीत.

सातरस्ता

काकांची रेल्वेतली. फॅमिली पेन्शन. थांबा, पीपीओचा कागद शोधते.