बाहेर लाघवी, घरात तुसडा: अशा माणसाला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय. म्हणजे शब्द खूप आहेत पण एकही नीट बसत नाहीये. माझ्या ताईचा नवरा, आमचे दाजी. सोसायटीच्या गणपतीला सगळ्यात मोठी वर्गणी त्यांची, कोणाच्या आजोबांना रात्री दवाखान्यात न्यायचं असलं की गाडी काढून तयार, ग्रुप हॉटेलात गेला की बिलाला दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. आमच्या आईला तर जावयाचं किती कौतुक करू आणि किती नको असं होतं. आणि घरात ताईशी दिवसेंदिवस बोलत नाहीत, बोलले तर घालून पाडून. ताईचा पगार यांच्या अकाउंटला जातो आणि भाजी आणली तर तिने पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवायचा. मागे मी त्यांच्याकडे राहिले होते, आतल्या खोलीत होते तेव्हा आमटी गार आहे म्हणून ओरडणं चाललं होतं, तेवढ्यात फोन वाजला तर "बोला बोला साहेब, तुमचीच आठवण काढली होती" असा मधाळ आवाज, फोन ठेवला आणि मगाशी तोडलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू. मला आईला हे सांगायचंय. दुटप्पी म्हटलं तर आई म्हणते राजकारणी आहेत का ते. काय म्हणू?

शनिवारातला_शब्दवेडा
दुटप्पी नाहीच बसणार, दुटप्पी म्हणजे एकाच बाबतीत इथे एक आणि तिथे दुसरं बोलणारा. दांभिक जवळ येतो पण त्यात आव आणणं येतं, घरातला जाच येत नाही. 'आतल्या गाठीचा' मधे मनात काय आहे ते कळू न देणं आहे, तुमच्या दाजींच्या मनात काय आहे ते ताईला चांगलंच कळतंय. 'वरून कीर्तन आतून तमाशा' ही म्हण आहे पण ती चारित्र्याबद्दल जास्त वापरतात. मला विचाराल तर 'मानभावी' बघा. गोड बोलून, नम्रतेचा आव आणून आपलं साधणारा.
लाघवी हा तुम्ही शीर्षकात वापरलेला शब्द पण भारी आहे हं, लाघव म्हणजे मुळात हलकेपणा, चपळाई, त्यावरूनच हस्तलाघव म्हणजे हातचलाखी. माणसाच्या लाघवातही थोडी चलाखी असू शकते हे भाषेला आधीपासून माहितीये.

चिंचवडचा_बाळू
अहो एवढं काय त्यात, 'घरचा वाघ बाहेर शेळी' म्हणतात याला. आमच्या ऑफिसात एक आहेत, साहेबासमोर मान वर करत नाहीत आणि घरी म्हणे डरकाळ्या.

शनिवारातला_शब्दवेडा
बाळूशेठ, ते उलटं झालं. तो बाहेर घाबरट असतो, दबलेला असतो आणि तो राग घरी काढतो. यांचे दाजी बाहेर दबलेले कुठेत, बाहेर तर राजे आहेत.

फिरस्ता
मानभावी शब्द मात्र जपून वापरा. तो महानुभाव पंथाच्या नावावरून आलाय, त्या लोकांबद्दल समाजाच्या मनात जो आकस होता त्यातून नावालाच ढोंगी असा अर्थ चिकटला. पंथातल्या माणसांना तो टोचतो आणि बरोबरच आहे.

शनिवारातला_शब्दवेडा
व्युत्पत्ती मान्य, पण आज बोलणाऱ्याच्या डोक्यात पंथ नसतो. असे शब्द गाळत बसलो तर अर्धा कोश रिकामा होईल.

मुक्ता_के
शब्द कशाला शोधताय, नार्सिसिस्ट आहे तो, सरळ आहे. असे लोक कधीच बदलत नाहीत, ताईला म्हणावं बॅग भर.

उषःकाल
मी बरीच वर्षं महिलांच्या समुपदेशन केंद्रात काम केलंय म्हणून लिहिते. मुक्ता, चार घटना ऐकून आजाराचं नाव लावता येत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञाने माणसाला समोर बसवून ठरवायचं असतं. पण तुमचं अर्धं बरोबर आहे. बाहेरची प्रतिमा जपणं आणि घरात असं वागणं या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो एवढं नक्की.
मला सिंहगडरोडकरांच्या पोस्टमधला तो फोन महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे येणारी बाई पहिल्यांदा हमखास सांगते "ते तापट आहेत हो, राग आवरत नाही त्यांना". तापट माणूस कसा असतो, सिग्नलला मामाशी भांडतो, वेटरवर खेकसतो, साहेबाला उलट बोलून नोकरी घालवतो, त्याचा राग माणूस बघून येत नाही. इथे फोन वाजल्यावर क्षणात आवाज बदलला आणि फोन ठेवल्यावर वाक्य होतं तिथून पुढे सुरू झालं, म्हणजे राग आवरता येतोय, बायकोसमोर आवरायची गरज वाटत नाहीये. त्यामुळे तापट हा शब्द तर अजिबातच नको, तो शब्द वापरला की दोष स्वभावावर जातो आणि माणूस सुटतो.

औंधचा_एकटा
हे वाचून मला जरा धास्तीच बसली. मी सेल्समधे आहे, दिवसभर लोकांशी गोड बोलून घरी आलो की तोंडातून शब्द फुटत नाही. बायको म्हणते लोकांशी हसतोस आणि मी काय भिंत आहे का. म्हणजे मी पण त्यातलाच का? दमलेल्या माणसाला घरात तरी गप्प बसायचा हक्क आहे की नाही?

उषःकाल
आहे ना, आणि तुम्हाला लगेच कोणी त्या रांगेत उभं करत नाहीये. बाहेर आणि घरात फरक सगळ्यांच्याच वागण्यात असतो. दिवसभर उसनं हसून माणूस रिकामा होतो, कधी आत डिप्रेशन असतं आणि लोकांसमोर ते झाकण्यात सगळी ताकद जाते. तुमच्यासाठी शब्द आहे 'घुमा', फार तर 'तुसडा'.
मी बघते ते असं. गप्प बसणारा माणूस सगळ्यांपासूनच लांब जातो, त्याच्या गप्प बसण्यात समोरच्याने काही करावं अशी मागणी नसते. दुसऱ्या प्रकारात शांतता ही शिक्षा असते, तिने माफी मागितली, पैशाचं ऐकलं, माहेरी जायचं रद्द केलं की बोलणं परत सुरू होतं. दुसरं म्हणजे बायकोने "मला त्रास होतोय" म्हटल्यावर काय होतं. तुम्ही वाचून धास्तावलात, विचारताय. दुसऱ्या प्रकारचा माणूस म्हणतो "जा सांग कोणाला सांगायचं ते, तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार". म्हणजे बाहेर कमावलेलं चांगलं नाव घरात धाक म्हणून वापरलं जातं. आणि तिसरं, ती भिते का. लिफ्टचा आवाज आला की टीव्ही बंद करते का, बोलण्याआधी मनात वाक्य जुळवते का. तुमच्या बायकोला यातलं काही होतं का ते तिलाच विचारा, मला नको.

शनिवारातला_शब्दवेडा
यावरून आठवलं, 'अबोला धरणे' आणि 'बोलणं टाकणे' यात हाच फरक आहे की. अबोला रुसव्याचा, त्यात कोणीतरी समजूत काढावी अशी आशा असते. बोलणं टाकलं म्हणजे नातंच तोडल्यासारखं, वाळीत टाकणे मधला 'टाकणे' तो.

बावधन_२
नवऱ्यांचंच चाललंय सगळं. माझ्या भावाची बायको पण अशीच आहे, भिशीत सगळ्यांची लाडकी आणि घरात त्याला चारचौघात सांगता येणार नाही असं बोलते. तो कुठे जाणार?

उषःकाल
असं असतं, नाकारत नाही, खुणाही त्याच. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मात्र तक्रार बाईलाच करता येते, त्यामुळे भावाला तो रस्ता नाही. वकील आणि स्वतःसाठी समुपदेशक या दोन गोष्टी त्यालाही आहेत.

सिंहगडरोडकर
उषःकाल, ती लिफ्टची गोष्ट वाचून मी ताईला फोन केला, ती बराच वेळ काही बोललीच नाही. पण ती म्हणते मारत तर नाहीत ना, मग कोणाला काय सांगणार. आणि आईचं म्हणणं, सगळ्या पुरुषांचं थोडंफार असंच असतं, बाहेर नाव काढतोय ना. दाजींना समोर बसवून विचारू का? का दोघांना एकत्र कौन्सिलिंगला पाठवू?

उषःकाल
समोर बसवून नको. तुमच्यासमोर ते हसतील, "बघ गं तुझ्या बहिणीला काय वाटतंय" म्हणतील आणि तुम्ही गेल्यावर त्याचा हिशेब ताईकडून घेतील. जोडीने समुपदेशनही लगेच नको. असा माणूस समुपदेशकासमोरही लाघवीच असतो, तिथे ती मोकळेपणी बोलली तर घरी भोगते आणि नाही बोलली तर ती कटकटी आणि तो सोशिक असं चित्र तयार होतं. मी स्वतः अशा बैठकांत सुरुवातीला नवऱ्याच्या बाजूने झुकलेले समुपदेशक बघितलेत. आधी तिने एकटीने जावं.
"मारत नाहीत" बद्दल. त्या कायद्याच्या कलम 3 मधे मारहाणीच्या बरोबरीने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ पण आहे. घरखर्चाला लागणारे पैसे अडवून ठेवणं, अपमान करणं, हिणवणं हे सगळं त्यात येतं. संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरून घेतात त्यात याचे वेगळे रकाने असतात. आणि इथेच तुमच्या शब्दाचा प्रश्न येतो. तिथे दांभिक, मानभावी असं काही लिहून उपयोग नसतो, विशेषणाला समोरचा वकील शंभर साक्षीदार आणेल, अख्खी सोसायटी येईल की माणूस देव आहे म्हणून. तिथे तारीख लागते, काय घडलं ते लागतं, जसं बोलले तसं वाक्य लागतं. पगार कोणत्या खात्यात जातो, कार्ड कोणाकडे असतं. ताईने हे लिहून ठेवावं पण स्वतःच्या फोनमधे नको, फोन ते तपासत असतील तर हा धागासुद्धा तिच्या फोनवर उघडा ठेवू नका. तुमच्याकडे वहीत राहू दे. तक्रार करायची का, कधी, ते तिचं तिने ठरवायचं. 181 या महिला हेल्पलाइनवर नुसतं विचारायला फोन केला तरी चालतो.

मुक्ता_के
म्हणजे तोवर तिने सहन करत राहायचं?

उषःकाल
नाही. पण निघताना धोका वाढू शकतो, म्हणून कागदपत्रं, थोडे पैसे, कोणाकडे जायचं हे आधी ठरलेलं असावं. बॅग भर म्हणणं सोपं असतं, तिचा पगार कुठे जातो ते वाचलंत ना.

फिरस्ता
आईला सांगायचं तर मला वाटतं शब्द नकोच, तो फोनचा प्रसंग जसाच्या तसा सांगा. "साहेब" सकट.

शनिवारातला_शब्दवेडा
तरी एक शब्द सुचवतोच, 'मुठीत ठेवणारा'. यात बाहेरचं-आतलं येत नाही हे खरं, पण पगार, स्क्रीनशॉट, बोलणं टाकणं सगळं येतं.

सिंहगडरोडकर
सांगितलं आईला, ताईला विचारूनच. नाव काही दिलं नाही, फोन आणि स्क्रीनशॉट एवढंच. आई आधी म्हणाली कामाचा ताण असेल, मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली की दिवाळीला ताईने साडी घ्यायला पैसे मागितले होते तिच्याकडे, तेव्हा वाटलं होतं एवढा पगार असून का मागते. मुठीत ठेवणं तिला पटेल बहुतेक. दाजींशी बोलू नको असं मी तिला बजावलंय, ऐकेल का माहीत नाही, रविवारी ते जेवायला येतायत.

बावधन_२
माझ्या भावासाठी पण मुठीतच म्हणायचं का मग?

चिंचवडचा_बाळू
बायको असली तर 'बैलोबा' केलाय म्हणतात.

फिरस्ता
बाळू, तो शब्द नवऱ्याची टिंगल करतो, बायको काय करते ते सांगत नाही. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा.