मुलाने वीकली ऑप्शन्समध्ये बचत घालवली, त्याला पत्र लिहितोय. मदत हवी आहे

हताश बाबा:
मुलगा ३१ वर्षांचा. सहा वर्षांत साठवलेले जवळजवळ सगळे पैसे त्याने पाच महिन्यांत घालवले. फोनवर विषय काढला की "बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही" म्हणतो आणि फोन ठेवतो. खरंच कळत नाही. म्हणून पत्र लिहायला बसलो. एवढंच जमलंय:

"बाळा, तू म्हणतोस तुझे अंदाज बरोबर होते. मग पैसे गेले कसे? हा जुगार आहे, आजपासून बंद कर."

ही म्हणते, एवढं वाचून तो पत्र फाडेल. पुढे काय लिहू? रविवारी पाठवायचंय, लवकर सांगा.

काठावरचा:
काका, आधी सांगा, त्याने ऑप्शन विकत घेतले होते की विकले होते? घेतले असतील तर भरलेला प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, गेला, विषय तिथेच थांबला. विकले असतील आणि अजून काही पोझिशन उघडी असेल तर पत्र राहू द्या, आजच बोला.

सरळ रेषा:
त्याला म्हणावं पाच मिनिटांच्या चार्टवर सुपरट्रेंड लाव आणि स्टॉपलॉस पाळ. माझं तेव्हापासून सुधारलं.

हताश बाबा:
चार्टचं मी विचारलं नाही हो. विकत घेतले होते, "स्वस्तातले कॉल" म्हणत होता. एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपायला, दोन-चार दिवस असताना घ्यायचा. आता काही उघडं नाही म्हणतो.

काठावरचा:
मग "अंदाज बरोबर होते" हे तो खोटं बोलत नसेल, आणि तुमच्या पत्रात नेमकं तेच त्याला लागेल. समजा शेअर १०० वर आहे, एक्स्पायरीला चार दिवस आहेत. १०० चा कॉल, म्हणजे शेअर १०० ला घेण्याचा हक्क, २ ला मिळतो, १०३ चा ०.९ ला. तो स्वस्त म्हणून १०३ चा घेतो. शेअर वाढतो, शेवटच्या दिवशी १०१.५ वर बंद होतो. अंदाज खरा, पण हातात शून्य. १०० चा घेतला असता तरी २ चे दीडच झाले असते.

आणि शेअर जागचा हललाच नाही तर? १०० च्या कॉलचे २ तीन दिवसांत साधारण १ वर येतात आणि उरलेला १ शेवटच्या एका दिवसात जातो. वेळ सारख्या वेगाने झिजत नाही. वीकलीवाला नेमका त्या शेवटच्या उतारावर खरेदी करत असतो.

प्रीमियम वेचणारा:
म्हणूनच विकायचे असतात! बरेच ऑप्शन शून्यच होतात. मुलाला बाजू बदलायला सांगा, गेलेले परत येतील.

काठावरचा:
कृपा करून हे त्या पत्रात जाऊ देऊ नका. तोच १०३ चा कॉल ०.९ ला विकला आणि रात्रीतून बातमी आली, शेअर ११२ ला उघडला, तर ९ द्यावे लागतात. निव्वळ ८.१ गेले, म्हणजे नऊ आठवड्यांची कमाई. शिवाय विकायला मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, लागतं, ते तो आणणार कुठून?

प्रीमियम वेचणारा:
वरचा कॉल घेऊन हेज करता येतं. सगळेच बुडत नाहीत.

काठावरचा:
हेजने तोटा बांधला जातो, मान्य. पण प्रश्न बचत संपलेल्या मुलाचा आहे.

परतलेली:
मी त्या मुलाच्या जागी होते. माझ्या वडिलांच्या पत्रात "का केलंस" असं चार वेळा होतं. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या पत्रात एकच प्रश्न होता, "कोणाचं देणं आहे का?" होतं. दोन मैत्रिणींचं, शिवाय क्रेडिट कार्डाचं. तोटा भरून काढायला उसने घेऊन मी दर आठवड्याला उरलेल्या पैशांचा पाचवा हिस्सा लावत होते. पाच आठवडे ओळीने गेले, तिसरा हिस्सा उरला. काका, उसने घेतलेत का ते विचारलंत?

हताश बाबा:
नाही. बचतच गेली असं धरून चाललो होतो. महिन्यापूर्वी त्याने माझ्याकडे थोडे मागितले होते, "खोली बदलायची आहे" म्हणून. मी दिले. खोली बदललेली नाही.

पत्र नव्याने लिहिलंय:

"बाळा, शेअर वाढला तरी कॉल शून्य होतो, हे मी कालच शिकलो. तू दिशा ओळखलीस, पण चार दिवसांत किती अंतर कापायचं होतं तेही बरोबर यायला हवं होतं. मी तुला जुगारी म्हणणार होतो, ते खोडलं. मला दोनच गोष्टी सांग. कोणाचं देणं आहे का, आणि ते ॲप अजून फोनवर आहे का. माझे पैसे खोलीसाठी नव्हते, हे मला कळलंय. ते परत मागत नाही."

शेवटची दोन वाक्यं ठेवू की काढू? ही म्हणते काढा.

परतलेली:
ठेवा. तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळलं की लपवायला एक गोष्ट कमी होईल.

काठावरचा:
मी काढली असती. ते समोर बसून बोला.